देशात खटला सुरू असताना हेगपुढे काय दाखवावं लागतं: लिबियाचे दोन आरोपी, दोन निकाल

प्रश्न: चर्चगेटच्या आमच्या लॉ कॉलेजच्या मूट कोर्टसाठी आम्हाला सरकारची बाजू मिळाली आहे. आरोपीवर देशात आधीच गुन्हा दाखल आहे, तो अटकेत आहे, तपास चालू आहे. मग हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने खटला सोडून द्यायला हवा ना? ‘आमची न्यायव्यवस्था सक्षम आणि स्वतंत्र आहे’ एवढं रोम स्टॅट्यूटच्या, म्हणजे त्या न्यायालयाच्या मूळ कराराच्या, कलम १७ खाली मांडलं तर पुरेल का? आणि कागदपत्रं नक्की कोणती लावायची?

उत्तर:

पुरणार नाही. सक्षमतेचा मुद्दा हा दुसरा प्रश्न आहे, आणि बहुतेक सरकारं पहिल्याच प्रश्नावर हरतात. पहिला प्रश्न एवढाच असतो: हेगमध्ये ज्या माणसावर ज्या कृत्यांसाठी खटला आहे, त्याच माणसाचा त्याच कृत्यांसाठी तुमच्याकडे आज प्रत्यक्ष तपास चालू आहे का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमची न्यायव्यवस्था कितीही चांगली असो, खटला हेगमध्येच चालतो. काँगोच्या कटांगा प्रकरणात हेगच्या अपील चेंबरने २५ सप्टेंबर २००९ च्या निकालात हा क्रम पक्का केला. देशाची अनिच्छा किंवा असमर्थता तपासायची वेळ येते ती देशात काहीतरी कार्यवाही चालू असेल किंवा होऊन गेली असेल तेव्हाच. नुसती निष्क्रियता असेल तर तिथेच विषय संपतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या, कारण बेंचसमोर उभं राहिल्यावर मुलं इथे हमखास उलटी बोलतात. सरकारला खटला ‘अग्राह्य’ ठरवून हवा असतो. ‘ग्राह्य’ म्हणजे हेगने चालवायला मोकळा. तुमच्या अर्जातली मागणी ‘खटला अग्राह्य ठरवावा’ अशीच हवी.

हे सगळं नीट समजायचं असेल तर लिबिया घ्या. देश एक, काळ एक, चेंबर एक, सरकारही एक, आणि दोन आरोपींबद्दल दोन उलटे निकाल. सुरक्षा परिषदेने २६ फेब्रुवारी २०११ ला ठराव १९७० करून लिबियाची परिस्थिती न्यायालयाकडे पाठवली. लिबिया रोम स्टॅट्यूटचा सदस्य नाही, तरी सुरक्षा परिषदेच्या मार्गाने अधिकारक्षेत्र आलं. २७ जून २०११ ला तीन वॉरंट निघाले: मुअम्मर गद्दाफी, त्याचा मुलगा सैफ अल-इस्लाम, आणि गुप्तचर प्रमुख अब्दुल्ला अल-सनुसी. मुअम्मर त्याच वर्षी मारला गेला. उरलेल्या दोघांचे खटले आपणच चालवू, असं लिबियाच्या नव्या सरकारने सांगितलं. सैफबद्दलचा आक्षेप १ मे २०१२ ला दाखल झाला आणि सनुसीबद्दलचा २ एप्रिल २०१३ ला. सैफचा खटला ३१ मे २०१३ ला ग्राह्य ठरला. सनुसीचा ११ ऑक्टोबर २०१३ ला अग्राह्य ठरला. दोन्ही निकाल २०१४ मध्ये अपिलात कायम राहिले, सैफचा २१ मे रोजी आणि सनुसीचा २४ जुलै रोजी.

या फरकाची सुरुवात वॉरंटमध्येच आहे. दोघांवरही आरोप खून आणि छळ या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचेच होते. पण सनुसीचं वॉरंट बेंगाझी या एका शहरापुरतं आणि १५ ते किमान २० फेब्रुवारी २०११ या मोजक्या दिवसांपुरतं होतं. सैफचं वॉरंट १५ ते किमान २८ फेब्रुवारीपर्यंतचं, आणि बेंगाझी, मिस्राता, त्रिपोली व आसपासची शहरं एवढ्या पसाऱ्याचं. शिवाय सैफवरचा आरोप असा की बापाच्या आतल्या वर्तुळात बसून त्याने सगळी यंत्रणा वापरली. म्हणजे सरकारला त्याच्या बाबतीत एखादी घटना नव्हे, तर त्या पूर्ण यंत्रणेवरचं त्याचं नियंत्रण आपल्या तपासात आहे हे दाखवायचं होतं. तुमच्या मूट प्रॉब्लेममध्येही आधी वॉरंट घ्या आणि त्यातून घटना, तारखा, ठिकाणं आणि आरोपीची भूमिका एकेका ओळीत उतरवून काढा. तुमचा सगळा पुरावा याच यादीसमोर ठेवून मोजला जाणार आहे.

आता कागद. सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्या सरकारवर असते, आणि पुरावा पुरेसा नेमका व वजनदार असावा लागतो. इथे ‘पुरावा’ म्हणजे आरोपीचा गुन्हा सिद्ध करणारा पुरावा नव्हे. तपास खरोखर पुढे सरकतो आहे हे दाखवणारा कागद पुरतो. तपास अधिकाऱ्यांना दिलेले आदेश, अंतर्गत अहवाल, न्यायालयाला दिलेल्या सूचना, केस फाइलमधले अर्ज, हे सगळं चालतं असं चेंबरने लिबियाला सांगितलं होतं. आपल्या भाषेत बोलायचं तर केस डायरीची पानं, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, रिमांडचे अर्ज आणि सत्र न्यायालयाचा रोजनामा. रोजनामा तर उत्तमच, कारण त्यात तारीखवार काय झालं ते न्यायालयाच्या हाताने लिहिलेलं असतं. उलट गृहमंत्र्यांचं प्रतिज्ञापत्र, पोलिस सुधारणांचा आराखडा, वर्तमानपत्रातली कात्रणं यांना जवळपास वजन नाही.

केनियाने नेमकं हेच केलं होतं. ३१ मार्च २०११ च्या अर्जात भर होता २०१० च्या नव्या राज्यघटनेवर आणि न्यायालयीन सुधारणांवर. नंतर जोडलेल्या कागदांमध्ये तपासाचे आदेश देणारं एक पत्र होतं, पण त्यावरची तारीख अर्ज दाखल झाल्यानंतरची. तपास करा असा आदेश आता निघतो आहे, याचा अर्थ अर्ज करताना तपास नव्हता. शिवाय केनियाचं म्हणणं असं की हेगमधल्या सहा केनियन आरोपींच्याच पातळीवरच्या लोकांचा तपास होतो आहे. चेंबरला हवे होते तेच सहा. अपील चेंबरने ३० ऑगस्ट २०११ ला केनियाचं अपील फेटाळलं, आणि ‘तीच व्यक्ती व मुख्यत्वे तेच कृत्य’ ही कसोटी तिथून स्थिर झाली. आणखी वेळ द्या, आणखी पुरावे आणतो, ही विनंतीही चालली नाही. आक्षेप घाईने दाखल केला म्हणून नंतर तो भरून काढायची संधी मिळेल, असं सरकारने गृहीत धरू नये, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

सैफच्या बाबतीत लिबियाने काहीच दाखवलं नाही असं नाही. काही घटनांबद्दल तपासाची पावलं उचलली आहेत हे चेंबरने मान्य केलं: हवाई मार्गाने सशस्त्र माणसं आणि सामान हलवणं, अब्राक विमानतळावर सैन्याची जमवाजमव, १७ फेब्रुवारीच्या बेंगाझीतल्या काही घटना, पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या अटका. पण हे सुटे तुकडे राहिले. देशातला खटला नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि त्यात सैफची भूमिका काय, याची रेघ आखता येईना. अपील चेंबरने सैफविरुद्धचा निकाल एवढ्या एका मुद्द्यावर कायम ठेवला. असमर्थतेच्या मुद्द्यात ते शिरलेच नाहीत. ही गोष्ट मूटमध्ये तुमच्या फायद्याची आहे. समोरची बाजू ‘सैफच्या निकालात लिबिया असमर्थ ठरला’ असं म्हणेल, तेव्हा तो भाग फक्त प्रीट्रायल चेंबरचा, म्हणजे खटल्याआधीचे मुद्दे ऐकणाऱ्या खालच्या चेंबरचा आहे आणि अपील चेंबरने त्यावर मत दिलेलं नाही, हे शांतपणे सांगा.

सनुसीच्या बाबतीत तेच सरकार अर्ज करताना शहाणं झालेलं होतं. साक्षीदारांचे जबाब आणि इतर कागद आले, आणि वॉरंट अरुंद असल्यामुळे ते बेंगाझीच्या त्याच दिवसांवर नीट बसले. प्रत्येक घटना जुळायलाच हवी असं नाही. घटनांचा मोठा भाग जुळतो का, किंवा जुळणाऱ्या घटना खटल्याचा गाभा आहेत का, हे पाहिलं जातं. वॉरंटमध्ये दहा घटना असतील आणि तुमच्या दोषारोपपत्रात सहाच असतील, पण त्या सहांमध्ये सगळ्यात मोठं हत्याकांड आणि आरोपीने दिलेला आदेश येत असेल, तर युक्तिवाद उभा राहतो. उलट, किरकोळ आठ घटना जुळल्या आणि हत्याकांडच सुटलं, तर आकडा मोठा असूनही तुम्ही अडचणीत.

गुन्ह्याचं नाव मात्र तेच असावं लागत नाही. लिबियाच्या कायद्यात ‘मानवतेविरुद्धचा छळ’ असा वेगळा गुन्हा नव्हता. खून, यातना, बेकायदा डांबून ठेवणं, अधिकाराचा गैरवापर अशी साधी कलमं होती आणि चेंबरला ती चालली, कारण तुलना कृत्यांची होते, कलमांची नाही. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. १९८४ च्या दंगलींच्या सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ ला नोंदवलं होतं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशातल्या फौजदारी कायद्यात नाहीत. तुमचा काल्पनिक देश भारतासारखा असेल तर प्रतिपक्ष पहिला हल्ला इथेच करील, आणि त्याला उत्तर सनुसीच्या निकालात आहे. पण उलट बाजूची मर्यादाही लक्षात ठेवा: कलम साधं असलं तरी कृत्य तेच हवं. कोत दिव्हारच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी सिमोन बाग्बो यांच्या प्रकरणात देशातली कार्यवाही आर्थिक गुन्हे आणि राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांभोवती फिरत होती, हेगमध्ये मात्र आरोप नागरिकांवरच्या हल्ल्याचे होते. २७ मे २०१५ ला अपील चेंबरने सरकारचं अपील फेटाळलं.

इथवर आलात तरच दुसरा प्रश्न: तुम्ही खरोखर इच्छुक आणि समर्थ आहात का? अनिच्छेच्या तीन खुणा कलम १७(२) मध्ये आहेत. आरोपीला वाचवण्यासाठीच कार्यवाही चालवणं, त्याला न्यायासमोर आणायच्या हेतूशी विसंगत असा अकारण विलंब, आणि स्वतंत्र व निष्पक्ष नसलेली, त्याच हेतूशी विसंगत अशी कार्यवाही. तिन्हींचा कल एकाच दिशेचा आहे: आरोपी सुटावा म्हणून केलेलं नाटक पकडायचं. त्यामुळे सनुसीच्या वकिलांचा जोरदार मुद्दा फसला. आमच्या अशिलाला वकील मिळत नाही, त्याला न्याय्य सुनावणी मिळणार नाही, म्हणून खटला हेगला न्या, असं ते म्हणत होते. अपील चेंबरने सांगितलं की आरोपीच्या हक्कांचा भंग झाला एवढ्यावरून देश ‘अनिच्छुक’ ठरत नाही. भंग इतका उघड आणि टोकाचा असेल की त्याला न्याय म्हणताच येणार नाही, तेव्हा गोष्ट वेगळी. हेग म्हणजे देशातल्या न्यायालयांवरचं मानवी हक्कांचं अपील न्यायालय नाही. २८ जुलै २०१५ ला त्रिपोलीच्या न्यायालयाने ३७ आरोपींच्या खटल्यात सनुसी आणि सैफसह नऊ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. हेगमध्ये फाशी नाहीच, तिथे ३० वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. म्हणजे अग्राह्यतेने आरोपीचं नुकसानही होऊ शकतं, आणि स्टॅट्यूटमध्ये त्यावर थेट उपाय नाही. माझ्या मते पूरकतेच्या, म्हणजे देश खटला चालवत नसेल तरच हेगने चालवायचा या तत्त्वाच्या, सगळ्या मांडणीतली ही सगळ्यात कच्ची जागा आहे. समोर हुशार न्यायाधीश असतील तर ते इथे बोट ठेवतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

असमर्थता वेगळी. तिथे न्यायव्यवस्था पूर्ण किंवा बऱ्याच अंशी कोसळलेली किंवा अनुपलब्ध असावी लागते, आणि त्यामुळे आरोपी किंवा पुरावा हाती येत नसावा, किंवा अन्यथा खटला चालवताच येत नसावा. सैफ झिंतानच्या सशस्त्र गटाच्या ताब्यात होता आणि त्रिपोलीच्या सरकारला तो मिळत नव्हता. काही साक्षीदार सरकारच्या हुकमाबाहेरच्या तुरुंगांत होते. आरोपीला वकील मिळत नव्हता. प्रीट्रायल चेंबरने यावरून असमर्थता मानली होती. सनुसीला मॉरिटानियाने सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियाच्या हवाली केलं होतं आणि तो सरकारच्याच कोठडीत होता. म्हणून वकील नसूनही त्याच्या बाबतीत असमर्थता मानली गेली नाही. तुमच्या प्रॉब्लेममध्ये ‘आरोपी अटकेत’ असं लिहिलं असेल, तर तो नेमका कोणाच्या कोठडीत आहे हे आधी शोधा.

देशाने तपास करून खटला न चालवायचं ठरवलं असेल, तर कलम १७(१)(ब) लागतं. इथे मुंबईच्या फौजदारी वकिलाला लगेच समरी आठवेल. ‘अ’ समरीत गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ‘ब’ मध्ये तक्रार जाणूनबुजून खोटी, ‘क’ मध्ये गैरसमजातून दाखल झालेली. यांपैकी १७(१)(ब) च्या जवळ जायचं तर त्या व्यक्तीचा तपास होऊन, न चालवण्याचा निर्णय झालेला दिसायला हवा. ‘अ’ समरी तिथे उपयोगी नाही, कारण त्यात अजून कोणाचाच तपास पूर्ण झालेला नसतो. आणि तो निर्णय अनिच्छेतून किंवा असमर्थतेतून आलेला नसावा.

खटला पूर्ण होऊन निकाल लागला असेल तर कलम १७(१)(क) आणि २०(३). आपल्याकडच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ सारखं हे वाटतं, पण त्याच्या कडा वेगळ्या आहेत, आणि त्या सैफच्याच दुसऱ्या फेरीत दिसल्या. ५ जून २०१८ ला सैफने स्वतः अर्ज केला: त्रिपोलीत २०१५ मध्ये मला शिक्षा झाली, मग २०१५ च्या सर्वसाधारण माफीच्या कायद्याखाली मी सुटलो, आता पुन्हा खटला नको. ५ एप्रिल २०१९ ला प्रीट्रायल चेंबरने आणि ९ मार्च २०२० ला अपील चेंबरने तो फेटाळला. कारण त्रिपोलीचा निकाल त्याच्या गैरहजेरीत झालेला होता, आणि लिबियाच्या कायद्याप्रमाणे असा माणूस सापडला की खटला नव्याने चालतो. निकाल अंतिम नाही, तर दुहेरी खटल्याचा बचावही नाही. तुमच्या प्रॉब्लेममध्ये ‘खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, अपील प्रलंबित’ असं काही असेल, तर १७(१)(क) वर सगळी भिस्त ठेवू नका. तोच पुरावा १७(१)(अ) खाली, चालू खटला म्हणून आधी मांडा.

वेळापत्रक चुकल्याने जितके अर्ज बुडतात, तितके कायद्याच्या मुद्द्याने बुडत नसतील. कलम १९(५) प्रमाणे सरकारने लवकरात लवकर आक्षेप घ्यायचा असतो. १९(४) प्रमाणे एकदाच, आणि खटला सुरू होण्याआधी किंवा सुरू होताना. खटला सुरू होताना किंवा नंतर, न्यायालयाच्या परवानगीने आलेला आक्षेप फक्त १७(१)(क) वर टिकतो. आरोप निश्चित होण्याआधीचा आक्षेप प्रीट्रायल चेंबरकडे, नंतरचा ट्रायल चेंबरकडे. पण ‘लवकर’ आणि ‘तयार’ यांत खेच आहे. ग्राह्यता ठरते ती आक्षेपावरच्या कार्यवाहीच्या वेळच्या वस्तुस्थितीवर, म्हणून आधी दोषारोपपत्र तयार करून मग अर्ज करणं शहाणपणाचं. लिबियाने सैफबाबत आधी घाई केली आणि सनुसीबाबत थांबून केली, हे वरच्या तारखांत दिसतंच. आक्षेप दाखल झाला की अभियोक्त्याचा तपास १९(७) प्रमाणे थांबतो, पण त्याआधी काढलेलं वॉरंट १९(९) मुळे कायम राहतं. आरोपीला सुपूर्द करण्याची विनंती मात्र कलम ९५ खाली निकाल लागेपर्यंत पुढे ढकलता येते. लिबियाला सैफबाबत १ जून २०१२ ला तशी मुभा मिळाली होती.

हे सगळं ठरावीक आरोपीविरुद्ध वॉरंट निघाल्यानंतरचं. कलम १८ चा टप्पा त्याआधीचा असतो, आणि सुरक्षा परिषदेकडून आलेल्या प्रकरणात तो लागतच नाही. कलम १८ खाली अभियोक्ता कळवतो आणि सरकारला एक महिन्यात ‘आम्ही तपास करतो आहोत’ असं सांगायचं असतं. तेव्हा आरोपींची नावं नसतात, म्हणून तुलना आरोपींच्या गटांची आणि घटनांच्या स्वरूपाची होते. अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांबाबत फिलिपिन्सने शिस्तभंगाच्या चौकशा आणि खालच्या पोलिसांवरची प्रकरणं पुढे केली. वरच्या पातळीवरच्या धोरणाचा तपास त्यात दिसला नाही. १८ जुलै २०२३ ला अपील चेंबरने बहुमताने अभियोक्त्याचा तपास चालू ठेवला. तुमचा प्रॉब्लेम कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता सैफची कसोटी कलम १८ वर लावली, तर पहिल्याच मिनिटाला प्रश्न येईल.

हरलात तर अपिलाला फक्त पाच दिवस मिळतात, नियम १५४ प्रमाणे. कलम ८२(१)(अ) खालच्या या अपिलासाठी वेगळी परवानगी लागत नाही, पण अपील केलं म्हणून निकालाला आपोआप स्थगितीही मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. तुमच्या मूटच्या प्रार्थनेत ती ओळ घालायला विसरू नका. आणि जिंकलात तरी अभियोक्ता नवी वस्तुस्थिती पुढे आली असं म्हणून १९(१०) खाली निकालाचा फेरविचार मागू शकतो, म्हणून ‘एकदा अग्राह्य ठरला की कायमचा’ असं तोंडी युक्तिवादात कुठेही म्हणू नका.